गाडीच्या दारात उमटणारा रस्ता

डोंबिवलीच्या फडके रोडवर हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी साडेआठ वाजता काढलेला फोटो. दुकानांची शटर अजून खाली आहेत, वर ग्रिल लावलेल्या गॅलऱ्या, रस्त्यावरून आडव्या गेलेल्या केबल, आणि कडेला उभी एक पांढरी स्विफ्ट. ज्या कुटुंबाने काम दिलं त्यांना स्विफ्टच्या जागी स्वतःची प्रीमियर पद्मिनी हवी होती. वडिलांची पंचाहत्तरी होती, आणि ऐंशीच्या दशकात त्यांची गाडी नेमकी याच जागी उभी असायची. गाडी अजून आहे, गडद मरून रंगाची, पण अंबरनाथला एका बंगल्याच्या आवारात. इंजिन चालत नाही, नोंदणीची मुदत संपलेली, म्हणजे ती रस्त्यावर आणायचा प्रश्नच नव्हता.

आपल्या भागात असं काम पुन्हा पुन्हा येतं. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. त्याच कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ जोडली जात होती, आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मोकळ्या जागेला लोक आजही प्रीमियरचं मैदान म्हणतात. त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांचं या गाडीशी नातं आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. आता पद्मिनी दिसते ती बहुतेक अशीच, कुठल्यातरी आवारात ताडपत्रीखाली.

एका फोटोतली गाडी काढून दुसरी बसवणं आता कुणालाही जमतं. कडा नीट कापता येतात, सावली घालता येते. तरीही दहापैकी आठ फोटोंत गाडी चिकटवल्यासारखी दिसते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं. याचं कारण बहुतेक वेळा प्रतिबिंबात असतं. गाडीचा पत्रा, काच आणि क्रोम हे तिन्ही कमीअधिक आरसेच आहेत, आणि अंबरनाथच्या आवारात काढलेल्या गाडीच्या दारात अंबरनाथचं आवारच उमटलेलं असतं. भोवती फडके रोड आणि दारात नारळाचं झाड! हा लेख त्या एका गोष्टीबद्दल आहे.

दारात काय दिसतं?

सर्वांत जास्त होणारी चूक आधी सांगतो. फोटोत गाडीच्या मागे जी दुकानं दिसतात, त्यांचाच तुकडा उचलून उलटा करून दारावर टाकतात. हे मुळातच चुकीचं आहे. तुमच्याकडे तोंड केलेलं दार तुमच्या बाजूचा रस्ता दाखवतं, म्हणजे फोटोत मुळीच नसलेली, कॅमेऱ्याच्या पाठीमागची बाजू. ती बाजू वेगळी टिपून आणावीच लागते. त्याला दुसरा मार्ग नाही.

दुसरी गोष्ट दाराच्या वळणाची. पृष्ठभाग १० अंशांनी कलला, तर त्यातून परत जाणारा किरण २० अंशांनी वळतो. हे दुपटीचं गणित डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. पद्मिनीचं दार सपाट नाही. खिडकीखालच्या खांद्यापाशी पत्रा वर पाहतो, मध्यावर जवळजवळ उभा असतो, आणि पायरीकडे जाताना आत वळून जमिनीकडे पाहतो. म्हणून जेमतेम अर्ध्या-पाऊण मीटर उंचीच्या त्या पट्ट्यात रस्त्याच्या डांबरापासून आभाळापर्यंत सगळं दबून बसतं. खाली डांबर, मध्ये समोरच्या इमारती, वर आभाळ. डांबर संपून इमारत सुरू होते तिथे दारावर एक गडद आडवी रेघ दिसते. तुमच्या घराखाली उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीकडे एकदा पाहा, ही रेघ सापडेल.

पण आभाळ दाराच्या किती खाली उतरतं हे रस्त्यावर अवलंबून असतं, आणि ठाणे-डोंबिवलीत हा फरक फार मोठा पडतो. माझ्या फोटोत कॅमेरा दीड मीटर उंचीवर आणि गाडीपासून ७ मीटरवर होता. गाडीपासून समोरची इमारत साधारण १० मीटरवर आणि १३ मीटर उंच धरली, तर दारापासून तिच्या गच्चीकडे पाहायला ५० अंश वर पाहावं लागतं. कॅमेरा दारापेक्षा उंच असल्याने उभ्या पत्र्यावरून परतलेला किरण आधीच ६ अंश खाली चाललेला असतो. म्हणजे तो किरण आभाळाला लागायचा तर एकूण ५६ अंश वळायला हवा, आणि त्यासाठी पत्रा २८ अंश कललेला हवा. दाराचा इतका कललेला भाग फक्त खांद्याच्या कडेला असतो. म्हणून फडके रोडसारख्या दोन्ही बाजूंनी चार मजले चढलेल्या रस्त्यावर आभाळ दारात केवळ एका बारीक उजळ रेषेएवढं येतं. बाकी सगळं दार इमारतींनी भरलेलं असतं.

तीच गाडी ठाण्याच्या तलावपाळीला उभी करा, रस्त्याच्या पलीकडे कठडा आणि मासुंद्याचं पाणी असेल अशी. समोरचा काठ इतका दूर आणि ठेंगणा की ४-५ अंश कललेल्या पत्र्यालाही आभाळ लागतं. दाराचा वरचा अर्धा भाग एकसारखा उजळ, गडद पट्टी अगदी बारीक. घोडबंदर रोडला पुन्हा निराळंच: तिथे मेट्रोचे खांब दारात उभ्या काळ्या पट्ट्यांसारखे उतरतात आणि दाराच्या वळणाने वाकतात. तलावपाळीला काढलेली गाडी फडके रोडवर का शोभत नाही, हे यावरून लक्षात येईल. रंग जुळवले, सावली जुळवली, तरी दाराचा वरचा अर्धा भाग ओरडून सांगतो की समोर मोकळं आभाळ होतं.

रस्त्यावरून काय काय आणायचं

मुख्य फोटो झाल्याबरोबर, त्याच अर्ध्या तासात, बाकीचं साहित्य गोळा करायचं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. तासाभराने काढलेल्या फोटोत समोरच्या गॅलऱ्यांवरचं ऊन दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आलेलं असतं.

पहिलं, रिकामा रस्ता. ट्रायपॉड न हलवता गाडी निघेपर्यंत थांबता आलं तर उत्तम. रविवारी सकाळी मी थोडा वेळ थांबलो आणि स्विफ्टवाले आले. हे न जमलं तर निदान बाजूला सरकून, गाडीने झाकलेला फुटपाथ आणि दुकानाचा खालचा भाग टिपून ठेवा. तो लागतोच, कारण दोन गाड्या सारख्या आकाराच्या नसतात.

दुसरं, समोरची बाजू. गाडीच्या दाराला जवळजवळ पाठ टेकून उभं राहायचं, कॅमेरा दाराच्या मध्याच्या उंचीवर, म्हणजे मांडीच्या जरा वर धरायचा, आणि रस्त्यापलीकडे पाहत डावीकडून उजवीकडे उभे फोटो काढत जायचं. प्रत्येक फोटोत आधीच्याचा एक तृतीयांश भाग यायला हवा, म्हणजे ते नंतर सांधता येतात. एक रांग डांबरापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत, दुसरी तिथून आभाळापर्यंत. आभाळाच्या रांगेची आणखी एक प्रत तीन स्टॉप काळी काढा. का ते पुढे येईल.

तिसरं साहित्य स्वयंपाकघरातून आणायचं. चित्रपटांच्या व्हीएफएक्सवाल्यांकडे यासाठी चकचकीत क्रोमचा गोळा असतो. मी गोल बुडाची स्टीलची वाटी नेतो. कुणाला तरी ती वाटी पालथ्या हाताने, बुड कॅमेऱ्याकडे करून, गाडीच्या चाकाच्या जागी धरायला सांगायची आणि मुख्य फोटोच्या जागेवरूनच झूम करून तिचा फोटो घ्यायचा. मग बंपरच्या जागी धरायची, मग आरशाच्या. त्या बुडात सबंध फडके रोड असतो: दोन्ही टोकांचा रस्ता, वरची आभाळाची वाकडी पट्टी, केबल, आणि मधोमध ट्रायपॉडजवळ उभे तुम्ही, मुंगीएवढे. वाटी घासून पुसून न्या आणि धरणाऱ्याने साध्या रंगाचे कपडे घालावेत. माझ्या भावाने त्या दिवशी केशरी टी-शर्ट घातला होता आणि वाटीची एक कड सगळी केशरी झाली होती.

वाटीवर खूप बारीक ओरखडे असतात, त्यामुळे प्रतिबिंब जरा धूसर येतं. ते आपल्या पथ्यावरच पडतं. चाळीस वर्षांच्या पद्मिनीचं क्रोमही तसंच असतं.

गाडीचा फोटो

मोजमापं आधी. स्विफ्ट २०१८ नंतरची होती. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर २४५० मिमी. फोटोत ते ९८० पिक्सेल भरलं. म्हणजे त्या जागी १ मिमीला ०.४ पिक्सेल. पद्मिनीचं हेच अंतर सुमारे २३४० मिमी, म्हणून ती गाडी अशी बसवायची की चाकांमधलं अंतर ९३६ पिक्सेल होईल. गाडी बाजूने जवळजवळ सरळ दिसत असेल तर हा हिशेब पुरतो. ती तिरकी असेल तर पद्मिनीही त्याच कोनात उभी हवी, नाहीतर कुठलाही आकडा कामाचा नाही. लांबी मात्र पद्मिनीचीच थोडी जास्त भरते, ३.९३ मीटर विरुद्ध ३.८४. तिची डिकी मागे निघते. आणि रुंदीला ती स्विफ्टपेक्षा जवळजवळ २७ सेंमी अरुंद आहे. मागचा रस्ता आणि फुटपाथ त्यामुळे उघडा पडतो, आणि रिकाम्या रस्त्याचा फोटो इथे कामाला येतो.

कॅमेरा पुन्हा दीड मीटर उंचीवर, गाडीपासून ७ मीटरवर, तीच लेन्स. यात सर्वांत महत्त्वाचं अंतर आहे. गाडीचा जवळचा आणि दूरचा भाग एकमेकांच्या तुलनेत केवढे दिसतील हे अंतरावर ठरतं. झूम करून ते बदलत नाही. मोबाइलने चार मीटरवरून काढलेल्या गाडीचं पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं दिसतं, आणि ते नंतर ताणूनही सरळ होत नाही.

फडके रोडच्या फोटोत गाडीची आपल्याकडची बाजू सावलीत होती आणि ऊन समोरच्या इमारतींवर. म्हणून अंबरनाथलाही सकाळची अशी वेळ निवडली की गाडीवर बंगल्याची सावली असेल. मोबाइलमधल्या होकायंत्राने सूर्य आणि गाडी यांच्यातला कोन दोन्हीकडे मोजून घेतला. चालत नसलेली गाडी चौघांनी ढकलून थोडी फिरवता येते, तितकं पुरलं.

आता या कामातली सर्वांत उपयोगी युक्ती. दारात काहीच उमटू नये असा गाडीचा फोटो मिळवायचा, आणि मग त्यात आपल्याला हवा तो रस्ता घालायचा. आवार पुसून काढत बसण्यापेक्षा हे दहापट सोपं आहे. त्यासाठी दारासमोर काळं कापड हवं. काळ्यातून प्रकाश येत नाही, म्हणून पत्र्याचा स्वतःचा रंग तेवढा उरतो. कापड कॅमेऱ्याच्या ओळीतच लावायचं आणि लेन्सपुरती फट ठेवायची. ते किती रुंद हवं? सपाट आरशाचा हिशेब केला तर गाडीच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे ८ मीटर. पत्रा वळलेला असल्याने दोन्ही टोकांना आणखी थोडं. मंडपवाल्याकडे काळ्या कनाती मिळतात. तीन जोडून बांबूंना बांधल्या की काम झालं.

जमीनही विसरू नका. पहिल्या वेळी मी आवारातली माती झाकायला निळी ताडपत्री पसरली होती. स्क्रीनवर पाहिलं तर मरून दाराचा खालचा चार बोटांचा पट्टा जांभळा झालेला, आणि मडगार्डच्या आतल्या वळणावरही निळं. सगळी खटपट पुन्हा करावी लागली. डांबर गडद करडं असतं, तेव्हा जमिनीवरही काळं किंवा करडं कापडच हवं.

बॉनेट आणि टप मात्र उघडे राहतात, कारण ते आभाळाकडे पाहतात. राहू द्या. ते फडके रोडवरही आभाळच पाहत होते, फक्त तिथे आभाळ पट्टीएवढं होतं. बाजूंनी ते नंतर काळं करत आणता येतं.

काचांसाठी एक जास्तीचा फोटो घ्या, लेन्सवर पोलरायझर लावून. तो फिरवत गेलं की एका स्थितीत काचेवरची चमक जाते आणि आतली सीटं, स्टिअरिंग स्वच्छ दिसतात. पोलरायझर काचेवर आणि रंगावर चालतो, क्रोमवर चालत नाही. बंपरवरचं आवार त्याने जात नाही म्हणून लेन्स खराब आहे असं समजू नका.

जुळवणी

फोटोशॉप असो की गिंप, थरांचा क्रम एकच. सर्वांत खाली रिकामा रस्ता, त्यावर सावली, त्यावर गाडी, त्यावर प्रतिबिंबं. सावलीबद्दल थोडक्यात: टायर डांबराला टेकतो तिथली बोटभर जागा जवळजवळ पूर्ण काळी असते, आणि गाडीखालचा भाग कडांकडे येताना हळूहळू उजळतो. `Multiply` थरावर हे दोन वेगळे रंगवा. एकच मऊ सावली घातली की गाडी तरंगते.

गाडी कापताना खिडक्यांच्या काचाही कापून काढा. खिडकीतून आतली सीटं आणि पलीकडच्या काचेतून फडके रोडचं दुकान दिसायला हवं. अंबरनाथची भिंत तिथे राहिली तर बाकी सगळं पाण्यात.

मग दार. सांधलेली समोरच्या बाजूची पट्टी आधी आडवी उलटी करायची, डावं उजवीकडे. आरशात असंच दिसतं. हे केलं की नाही ते ओळखायची सोपी खूण म्हणजे दुकानांच्या पाट्या. दारातली देवनागरी पाटी सरळ वाचता आली, तर पट्टी उलटी करायची राहिली. नंतर पट्टी उभी दाबायची. डांबर ते गच्ची एवढं सगळं दाराच्या उंचीत बसवायचं, पण एकसारखं दाबून नाही. दार मध्यावर कमी वळतं, म्हणून तिथे समोरच्या इमारतीचा खालचा मजला थोडा मोकळा बसतो. खांद्याजवळ वळण तीव्र होतं, तिथे वरचे तीन मजले आणि आभाळ एकमेकांत चेपले जातात. `Warp` ने हे करताना मी आधी दारावर तीनच रेघा आखतो: डांबर कुठे संपतं, आभाळ कुठे सुरू होतं, पायरी कुठे. पट्टी त्या तीन रेघांना धरून ओढायची. रेघा पुढच्या मडगार्डवरून दारांवर आणि तिथून मागच्या मडगार्डवर सलग वाहायला हव्यात. फक्त दाराच्या फटीत त्या तुटतात आणि मडगार्डच्या फुगवट्यावर वाकतात.

थराचा प्रकार `Screen`. प्रतिबिंब म्हणजे रंगावर वरून पडलेला जास्तीचा प्रकाश. तो काही काळं करत नाही. `Screen` मध्ये पट्टीतलं काळं नाहीसं होतं आणि उजळ तेवढं रंगात मिसळतं, म्हणून ते खऱ्याच्या जवळ जातं.

आता ते किती उजळ ठेवायचं? इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो. रंगावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्केच आरशासारखा परत येतो. ६० अंश तिरकं पाहिलं तर ९ टक्के, ७५ अंशांना २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सरळ समोर असलेल्या दारात प्रतिबिंब फिकट, आणि तिरक्या दिसणाऱ्या बॉनेटवर ठळक. माझ्या पट्टीत समोरची उन्हातली पिवळसर भिंत २०० च्या आसपास होती. ती `Curves` ने खाली आणत ५० पर्यंत नेली तेव्हा मरून दारावर ती खरी वाटली. स्क्रीनवर पट्टी एकटी पाहिली तर जवळजवळ काळी दिसते. घाबरू नका, तीच बरोबर असते.

आभाळाचं मात्र वेगळं. मुख्य फोटोत आभाळ पांढरं फटक झालेलं असतं, म्हणजे ते कॅमेऱ्याच्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी उजळ आहे, पण कॅमेऱ्याला २५५ च्या वर मोजता येत नाही. म्हणून भिंतीएवढंच आभाळही उतरवलं, तर खांद्यावरची रेषा मेल्यासारखी होते. तीन स्टॉप काळी काढलेली प्रत इथे सांगते की भिंतीच्या तुलनेत आभाळ खरोखर किती उजळ होतं. मी खांद्यावरची रेषा १५० च्या जवळ ठेवली. त्या एका रेषेने गाडी रस्त्यावर उभी राहिली.

रंग गडद तर प्रतिबिंब ठळक, हेही लक्षात ठेवा. पद्मिनी पांढरी किंवा क्रीम असती तर ४ टक्के प्रकाश तिच्या स्वतःच्या उजेडात बुडाला असता, आणि मला दारात जवळजवळ काहीच घालावं लागलं नसतं. फक्त एक अंधुक गडद पट्टी. पांढऱ्या गाडीच्या दारात स्वच्छ इमारती दिसल्या की फोटो खोटा आहे हे समजावं. तसंच जुना, उन्हात विटलेला रंग प्रकाश विखुरतो. त्या पत्र्यावर इमारतीच्या कडा आणि केबल टिकत नाहीत, उजेड-अंधाराचे पट्टे तेवढे राहतात. आमच्या पद्मिनीचा रंग दहा वर्षांपूर्वी पुन्हा मारलेला होता. मी पट्टी इतपत धूसर केली की केबल गेल्या आणि गॅलऱ्या राहिल्या.

बाजूच्या काचा पत्र्यापेक्षा सपाट असतात, म्हणून त्यांत प्रतिबिंब सर्वांत स्वच्छ आणि कमी दाबलेलं येतं. त्या थोड्या आत कललेल्या असल्याने समोरचे वरचे मजले दाखवतात: गॅलरीचं ग्रिल, वाळत घातलेले कपडे. पट्टीचा वरचा तुकडा वेगळा घेऊन तो काचेवर `Screen` ने टाका. जिथे आतलं काळं आहे तिथे तो ठळक उमटतो आणि जिथून पलीकडचा उजेड येतो तिथे आपोआप विरतो. खऱ्या काचेतही असंच होतं.

क्रोमचा नियम उलटा. त्याला स्वतःचा रंग नाही. पडलेल्या प्रकाशाचा अर्ध्याहून बराच अधिक भाग तो परत पाठवतो. म्हणून तिथे `Screen` चालत नाही. जुनं प्रतिबिंब झाकून नवं ठेवावं लागतं, साध्या `Normal` थरावर. चाकाच्या टोपीसाठी वाटीचा फोटो जसाच्या तसा बसतो, थोडा लंबगोल करून. तो उलटा करायचा नाही, कारण ते आधीच प्रतिबिंब आहे. बंपरसाठी वाटीचा मधला आडवा पट्टा कापून लांबवर ओढायचा. बंपर आडवा जवळजवळ सपाट आणि उभा गोल असतो, म्हणून त्यात रस्ता आडव्या रेघांसारखा दिसतो: वर उजळ, मध्ये काळी धार, खाली डांबराचा करडा. टोकाला तो वळतो तिथे त्या रेघा आखडतात. गंजाचे ठिपके आणि पोचे मूळ गाडीच्या फोटोतून वर आणून ठेवा. ते पुसले गेले की बंपर प्लास्टिकचा वाटतो.

जे राहून जातं

स्विफ्ट गेली, पण ती दुसरीकडे उरली असू शकते. माझ्या फोटोत शेजारी उभ्या असलेल्या ॲक्टिवाच्या आरशात आणि मागच्या दुकानाच्या काचेत तिचा पांढरा तुकडा होता. पांढऱ्या गाडीने समोरच्या डांबरावर थोडा उजेडही टाकलेला असतो. मरून गाडी तो टाकणार नाही. दुकानाच्या काचेत पद्मिनीची दूरची बाजू दिसायला हवी. तिथे मरून रंगाचा साधा धूसर आकार पुरला.

नंबरप्लेट फोटोच्या उपयोगाप्रमाणे ठरवा. घरच्या भिंतीवर लावायला मूळ नंबर ठेवा, बाकी ठिकाणी झाका. आणि असा फोटो गाडीच्या विक्रीसाठी, विम्यासाठी किंवा कुठल्याही तक्रारीसोबत द्यायचा नाही हे काम घेतानाच सांगा. मी मूळ दोन्ही फोटो सोबतच देतो.

तपासण्यासाठी `Curves` चा एक तात्पुरता थर टाकून चित्र खूप उजळ करा, मग खूप काळं करा. उजळ केल्यावर गाडीखालचे काळे भाग रस्त्यावरच्या काळ्याशी जुळतात का ते दिसतं. काळं केल्यावर फक्त चमकणाऱ्या जागा उरतात, आणि त्या सगळ्या एकाच आभाळाकडे बोट दाखवतात का हे कळतं. माझी पद्मिनी पहिल्या वेळी इथेच सापडली. दाराची रेषा बरोबर होती, पण डिकीवर अंबरनाथचं मोकळं आभाळ तसंच राहिलं होतं.

रस्ता ओला असेल तर

पावसाळ्यातल्या फोटोला आणखी एक आरसा येतो, खालचा. ओल्या डांबरात गाडी दिसायला हवी. बहुतेकजण गाडी उभी उलटी करून खाली चिकटवतात. अगदी बाजूने काढलेल्या फोटोत ते कसंबसं खपतं, तिरक्या गाडीत नाही. कारण पाण्यातली गाडी आपल्या उंचीवरून दिसत नाही. कॅमेरा जमिनीच्या दीड मीटर वर असेल, तर पाणी ती गाडी जमिनीच्या दीड मीटर खालून पाहिल्यासारखी दाखवतं. त्यात बॉनेटचा वरचा भाग दिसत नाही; बंपरची खालची कड, मडगार्डच्या आतला काळोख, गाडीचं पोट दिसतं. जमिनीखालून फोटो काढता येत नाही, पण कॅमेरा जमिनीला टेकवून काढलेला एक फोटो बराच जवळ जातो. आवारात असतानाच तो काढून ठेवा. मग तो उलटा करून प्रत्येक चाकाखाली वेगळा जोडायचा, कारण प्रतिबिंब जिथे टायर टेकतो तिथूनच सुरू व्हायला हवं.

डबक्यात हे स्वच्छ दिसतं. नुसत्या ओल्या डांबरात ते खडबडीतपणामुळे उभं ताणलं जातं आणि आडवं फारसं पसरत नाही, म्हणून धूसर करताना फक्त उभ्या दिशेने करा. पेव्हरब्लॉक असतील तर प्रत्येक ब्लॉकचा उतार निराळा असतो, आणि प्रतिबिंबाचे तुकडे होतात. तिथे मी सबंध गाडी न घालता चाकाजवळचा गडद रंग आणि दिव्याचा उजेड एवढंच ब्लॉकगणिक हाताने रंगवतो. वाहत्या पावसातल्या फोटोत आणि चालत्या गाडीच्या फोटोत मात्र ही पद्धत पुरत नाही. तिथे गाडीचं त्रिमितीय मॉडेल लागतं.